फलकावरचा संस्कृत भार

"मच्छीमार सोसायटीच्या फलकावर हे लिहायचंय: 'प्रतिकूल हवामानाच्या पार्श्वभूमीवर यांत्रिक नौकाधारकांनी समुद्रात प्रस्थान न करता नौका सुरक्षित स्थळी स्थलांतरित कराव्यात.' संस्कृत शब्द फार झालेत का?"

हो, झालेत. पण नुसते मोजू नका. 14 शब्दांत निदान 10 संस्कृतातून आलेले आहेत आणि त्यातला 'समुद्र' कुणालाच अडत नाही. 'सुरक्षित'ही चालेल. उलट 'हवामान' पूर्ण संस्कृत नाही, तरी 'प्रतिकूल' लागला की जड होतं.

मी प्रत्येक शब्दावर विचारतो: होडीवरचा प्रमुख, म्हणजे तांडेल, हे खलाशाला कसं सांगेल? 'प्रस्थान करू नका' असं तो म्हणणार नाही, 'होडी बाहेर काढू नका' म्हणेल. 'प्रस्थान करणे', 'स्थलांतरित करणे' अशा जोड्यांत खरं क्रियापद नामात किंवा विशेषणात अडकलेलं असतं. ते मोकळं केलं की अर्धं काम होतं.

दुसरी खूण जास्त महत्त्वाची. जड शब्दाआड माहिती लपते. 'प्रतिकूल' म्हणजे वारा की लाटा? 'सुरक्षित स्थळ' म्हणजे कुठलं? सोपं लिहायला बसलात की हे ठरवावंच लागतं. तुमच्याकडच्या होड्या देवगडला आसऱ्याला जात असतील, तर असं लिहा:

'वारा जोरात आहे, समुद्र खवळलाय. यांत्रिक नौका, म्हणजे इंजिनाच्या होड्या, बाहेर काढू नका. बाहेर असाल तर देवगड बंदरात या.'

फक्त सरकारी आदेशातली 'यांत्रिक नौका' ही संज्ञा बदलू नका, कारण बंदी कुणाला लागू हे तिच्यावर ठरतं. ती तशीच ठेवून पुढे 'म्हणजे इंजिनाची होडी' असं जोडा.