मीली एक क्लॉक आधी, पण किती काळ?
"मीलीचे आउटपुट एक क्लॉक आधी मिळते, मग मूर वापरायचेच कशाला?"

मीली आणि मूर हे स्टेट मशीनचे दोन प्रकार: मीलीचे आउटपुट सध्याचे स्टेट आणि इनपुट या दोन्हींवर ठरते, मूरचे फक्त स्टेटवर. त्यामुळे मीलीचे आधी मिळते हे खरे, पण ते पूर्ण क्लॉकभर टिकेलच असे नाही. इनपुटवर लागोपाठ 1, 0, 1 आले की आउटपुट वर नेणारे, म्हणजे 101 ओळखणारे सर्किट घ्या. क्लॉकच्या चढत्या कडा 10, 20, 30 नॅनोसेकंदांना येतात. 10 ला 1 आणि 20 ला 0 वाचला गेला की दोन्ही मशीन "10 आले" या स्टेटमध्ये असतात. आता इनपुट 23 ला 1 झाले, तर मीलीचे आउटपुट गेटच्या विलंबानंतर लगेच वर जाते आणि 30 च्या कडेनंतर स्टेट बदलताच खाली येते, म्हणजे पल्स जेमतेम 7 नॅनोसेकंदांचा. मूरचे आउटपुट 30 नंतर वर जाते आणि 40 पर्यंत स्थिर राहते. त्यासाठी चौथे स्टेट लागते, मीलीला तीन पुरतात.

मात्र इनपुट 26 ला परत 0 झाले, तर 30 च्या कडेला 101 पूर्ण होतच नाही, तरीही मीलीच्या आउटपुटवर एक खोटा पल्स उमटून गेलेला असतो. बेळगावात डिप्लोमाच्या मुलांना शिकवताना मी हे नेहमी पाहतो: सिम्युलेशनमध्ये इनपुट कडेला लागूनच बदलत असल्यामुळे पल्स पूर्ण रुंदीचा दिसतो, पण बोर्डावर साधे पुश बटण जोडून तेच आउटपुट काउंटरच्या क्लॉकला दिले की आकडा भलताच वाढतो. पुढचा टप्पा त्याच क्लॉकच्या कडेला आउटपुट वाचत असेल, तर मीली खुशाल वापरावी. नसेल, तर आउटपुटवर फ्लिप-फ्लॉप टाकावा, मात्र मग ते मूरइतकेच उशिरा मिळेल.