मदत हवी आहे: नोकरी स्वीकारल्याच्या पत्रातलं एक वाक्य इंग्रजीत कसं लिहावं?

नमस्कार मंडळी. गुहागरच्या माझ्या भाच्याला मस्कतमधल्या एका हॉटेलात कुकची ऑफर आली आहे. स्वीकारपत्र त्याने मराठीत लिहिलंय, इंग्रजी मी करतेय. ऑफर लेटरची तारीख, पद, पगार आणि राहण्या-जेवणाची सोय पहिल्याच परिच्छेदात जशीच्या तशी घेतली आहे, म्हणजे पुढे वाद नको. एचआर बाईंचं नाव माहीत आहे, म्हणून शेवटी 'युवर्स सिन्सिअरली' ठेवलंय.

अडलंय ते इथे: 'व्हिसा हातात आल्यावर इथला राजीनामा देऊन महिन्याभरात रुजू होईन.' मी 'आय अ‍ॅक्सेप्ट द ऑफर सब्जेक्ट टू व्हिसा' असं केलं होतं. ओळखीचे वकील म्हणाले, अट घातलेला होकार पक्का धरत नाहीत, ती उलट नवी मागणी ठरू शकते. पण अट काढली आणि व्हिसा रखडला तर पोराची रत्नागिरीतली नोकरीही जायची.

ऑफरमध्ये रुजू होण्याची तारीख नाही. व्हिसा कंपनीच काढणार आहे. मध्ये एजंट नाही, पत्र थेट ईमेलने जाईल.

होकार एका वाक्यात बिनशर्त देऊन, रुजू होण्याची तारीख व्हिसानंतर महिन्याने असेल हे वेगळ्या वाक्यात सांगितलं तर चालेल का? आणि ते दुसरं वाक्य औपचारिक इंग्रजीत तुम्ही नेमकं कसं लिहाल?