मदत हवी आहे: वक्त्यांच्या नावाआधी नेमकं काय लावू?

नमस्कार. शनिवारी सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. वक्ते सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झाले, नंतर भूगोलात पीएचडी केली आणि काही वर्षं प्राध्यापक होते. विषय आहे पुरातलं बचावकार्य. पत्रिकेच्या मसुद्यात ‘प्रा. डॉ. कर्नल (निवृत्त)’ असं आलंय. मोठ्याने वाचून पाहिलं, तर नावापर्यंत पोचेतो दम लागतो. शिवाय निवृत्त होतो तो अधिकारी, हुद्दा नव्हे, म्हणून ‘निवृत्त’ नावानंतर लिहितात हेही तिथे चुकलंय.

मला वाटतं, पत्रिकेत ‘कर्नल डॉ. अमुक (निवृत्त)’ पुरे. ‘प्रा.’ गाळावं, कारण ते पद होतं आणि आता ते त्यावर नाहीत. पीएचडी ही पदवी, ती कायम राहते. मंचावर एकदा पूर्ण नाव घेऊन पुढे फक्त ‘कर्नलसाहेब’ म्हणेन, कारण विषय त्यांच्या त्या कामाशी जोडलेला आहे. अध्यापनाबद्दल परिचयात एक वाक्य येईलच.

अडतंय ते ‘डॉ.’पाशी. बचावकार्य म्हटल्यावर श्रोत्यांना ते लष्करातले वैद्यकीय डॉक्टर वाटतील. ‘भूगोलात पीएचडी’ असं लगेच जोडलं तर चालेल का? आणि त्यांनाच फोन करून विचारलं, तर अवघडल्यासारखं होणार नाही ना? असा परिचय कुणी करून दिला असेल तर कृपया सांगा.