मदत हवी आहे: पुट-कॉल पॅरिटीतला फरक हाती कसा लागतो?

निफ्टीचा चालू महिन्याचा फ्युचर 25,060. त्याच एक्सपायरीचा 25,000 चा कॉल 310 ला, पुट 280 ला. फरक 30, पॅरिटीने तो साधारण 60 हवा, व्याजाची वजावट किरकोळ. म्हणजे कॉल घ्यायचा, पुट आणि फ्युचर विकायचे. एक्सपायरीला निफ्टी कुठेही असो, 30 अंक पक्के.

पण हे शेवटच्या सौद्याचे भाव. प्रत्यक्षात कॉल 322 ला मिळतो, पुट 274 ला विकला जातो. उरले 12, त्यातून ब्रोकरेज आणि एसटीटी. तेवढं चालेल. मार्जिन आहे, तिन्ही ऑर्डर लिमिटच्या.

अडचण वेगळीच. इथे रत्नागिरीत पावसात नेट मध्येच जातं, एखादी ऑर्डर अर्धवट राहते. शिवाय निफ्टी 500 अंक चढला तर फ्युचरचा तोटा रोज रोखीने भरावा लागतो, कॉलचा नफा मात्र कागदावरच. तर आधी कोणती ऑर्डर टाकावी, आणि एका लॉटमागे रोख किती अंकांची बाजूला ठेवता?