मदत हवी आहे: गाण्याच्या व्हिडिओत ओठ आणि आवाज जुळत नाहीत, अर्जंट

धरमपेठचा_गायक
नमस्कार मंडळी. माझं स्वतःचं गाणं आहे, व्हिडिओ शूट केला नागपुरात, फुटाळा तलावावर आणि सेमिनरी हिल्सला. प्लेबॅक लावूनच गायलो, शब्द तोंडपाठ होते. एडिटिंगला बसलो तर लिपसिंक जुळत नाही. रविवारी टाकायचं जाहीर करून बसलोय. कोणता प्लगिन घेऊ? लवकर सांगा.

बुलडी_बॉय
ब्लूटूथ स्पीकर होता ना? तोच गुन्हेगार. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो. पुढच्या वेळी वायर लाव. आता सगळी क्लिप थोडी सरकव, झालं काम.

धरमपेठचा_गायक
होता ब्लूटूथ. सरकवून पाहिलं. सुरुवात जुळवली की शेवट बिघडतो, शेवट जुळवला की सुरुवात. म्हणून तर विचारतोय!

पिक्सेल_मास्तर
हे आधी सांगायला हवं होतं भाऊ. मग ब्लूटूथ नाही. ब्लूटूथचा उशीर पहिल्या सेकंदाला जेवढा, तेवढाच शेवटच्याला. शिवाय तू गायलास ते स्पीकरमधून ऐकू आलं त्यावर, आणि कॅमेऱ्याच्या माइकनंही तेच ऐकलं. म्हणजे कॅमेऱ्यातला आवाज धरून जुळवलंस तर तो उशीर आपोआप कटतो. वाढत जाणारा फरक म्हणजे वेगाची भानगड. आता सांग: कॅमेरा कोणता, मेनूत किती फ्रेमवर ठेवला होता, टाइमलाइन कितीची, गाणं किती मिनिटांचं, आणि शेवटी ओठ पुढे जातात की मागे राहतात?

धरमपेठचा_गायक
कॅमेरा भाड्याचा, चांगलाच होता. त्यानं काय फरक पडतो? गाणं चार मिनिटांचं. शेवटच्या कडव्यात ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतो. पाच-सहा फ्रेमचा फरक.

झाडीपट्टीवाला
राजेहो, तुम्ही लोक फ्रेम-फ्रेम करत बसता. मले सांग, तू खरंच गायला का नुसतं तोंड हलवलं? नुसतं तोंड हलवलं की गळ्याची शीर हलत नाही, श्वास दिसत नाही, मग कितीही जुळवा, खोटंच दिसते. मोठ्यानं गायचं, तालमीत गातो तसं.

धरमपेठचा_गायक
काका, मोठ्यानंच गायलो. फुटाळ्यावरचे लोक वळून पाहत होते. मास्तर, मेनूत 24p होतं. टाइमलाइन मित्रानं २४ ची केली.

पिक्सेल_मास्तर
सापडलं बहुतेक. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूत 24p लिहिलेलं असतं, पण फाइल २३.९७६ ची बनते. दोन्हींत फरक हजारात एक. तुझं गाणं २४० सेकंदांचं, म्हणजे शेवटी ०.२४ सेकंद, जवळपास सहा फ्रेम. तू सांगितलास तोच आकडा. पण २३.९७६ ची क्लिप २४ च्या टाइमलाइनवर नुसती टाकली तर वेग बदलत नाही, प्रीमियर मधूनमधून एखादी फ्रेम दोनदा दाखवून वेळ सांभाळून घेतं. वेग बदलतो तो कोणी फाइलला जबरदस्तीनं २४ समजायला लावलं तर. मित्राला विचार, त्यानं Interpret Footage मध्ये काही भरलं का. आणि त्याआधी एक गोष्ट कर. ओठांकडे पाहूच नकोस. कॅमेऱ्यातला आवाज आणि तुझं फायनल मिक्स दोन्ही चालू ठेव, शेवटच्या कडव्यातला ढोलकीचा ठोका ऐक. एकच ऐकू येतो की दोन?

बुलडी_बॉय
हे सगळं कशाला? लांब शॉट ठेवतोच कोण? पाच सेकंदाचे तुकडे कर, प्रत्येक तुकडा वेगळा जुळव. फरक दिसणारच नाही.

पिक्सेल_मास्तर
चालेल, खोटं नाही. पाच सेकंदात हजारात एक म्हणजे काहीच नाही. पण जवळपास पन्नास कट प्रत्येकी हातानं जुळवायचे, रविवारच्या आत? कारण सापडलं तर एका जागी दुरुस्त होतं.

धरमपेठचा_गायक
दोन ठोके ऐकू येतात. कॅमेऱ्यातला आधी, मिक्समधला नंतर. पण ओठ आणि कॅमेऱ्यातला आवाज मात्र पक्के जुळतात.

पिक्सेल_मास्तर
मग चित्र आणि कॅमेऱ्याचा आवाज दोन्ही मिळून पळताहेत, म्हणजे अख्खी क्लिपच वेगात आहे. बिनमध्ये क्लिपवर उजवं क्लिक, Modify, Interpret Footage, तिथं Use Frame Rate from File निवड. सिक्वेन्स नवी, २३.९७६ ची कर. हेच उलट असतं, म्हणजे ठोके शेवटपर्यंत एक आणि ओठ तेवढे सुटलेले, तर दोष चित्रात शोधायचा.

स्वरदा_ताई
गाणं टाकण्याआधी आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी केलीस का रे? आणि ज्या वितरकाकडून गाणं टाकशील त्याचाच कॉपीराइटचा स्वयंचलित दावा तुझ्याच व्हिडिओवर येऊ शकतो, घाबरू नकोस. तुझं चॅनल त्यांना कळवून ठेव.

धरमपेठचा_गायक
ताई, ते नंतर पाहतो. मास्तर, मित्रानं खरंच २४ भरलं होतं, म्हणे सगळं एकसारखं दिसावं म्हणून. काढलं, सेमिनरी हिल्सचे शॉट एकदम बसले! पण फुटाळ्याचे लांबचे दोन शॉट अजून थोडे चुकतात. ओठ आधी. सुरुवातीपासून तेवढेच.

पिक्सेल_मास्तर
कॅमेरा किती लांब होता?

धरमपेठचा_गायक
झूम लावून, तीस-पस्तीस मीटर असेल. स्पीकर माझ्या पायाशी.

पिक्सेल_मास्तर
आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटर म्हणजे ०.१ सेकंद, दोन-अडीच फ्रेम. ओठ कॅमेऱ्याला लगेच दिसले, आवाज चालत पोहोचला. तू आवाजावर आवाज बसवलास म्हणून ओठ पुढे गेले. ते दोन शॉट दोन फ्रेम उजवीकडे सरकव, मग डोळ्यानं पाहून तीनही करून बघ. 'प', 'ब', 'म' येतात तिथं ओठ मिटलेले दिसतात, त्या फ्रेमवर नजर ठेव.

बुलडी_बॉय
म्हणजे सरकवायचंच ना शेवटी? मी पहिल्याच उत्तरात सांगितलं होतं.

विदर्भ_वेडिंग
माझं पण विचारतो. प्री-वेडिंगमध्ये नवरदेवाला स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायचंय. ५० फ्रेमवर घेतलं, २५ वर टाकलं, तर तोंड अर्ध्या वेगानं चालतं.

पिक्सेल_मास्तर
शूटच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं लावावं लागतं. त्यानं दुप्पट वेगात गायचं, मग चित्र निम्म्यावर आणलं की ओठ मूळ गाण्यावर बसतात. पण गाणं आधीच जलद असेल तर शब्द तोंडात मावत नाहीत. लांब ओढलेल्या ओळींपुरतंच कर.

झाडीपट्टीवाला
म्हंजे नवरदेव उंदरासारखा चीं चीं करत गाईन काय? वरातीतले लोक पाहायले आले पाहिजे!

धरमपेठचा_गायक
फुटाळ्याचं जमलं, तीन फ्रेमला. आता एकच उरलं. चुलतभावानं फोनवर घेतलेले काही शॉट आहेत, त्यात ओठ स्वतःच्याच आवाजापासून सुटतात, आणि कुठे पुढे कुठे मागे. दुपारचं ऊन होतं, फोन हातात धरवत नव्हता.

पिक्सेल_मास्तर
MediaInfo मध्ये उघड. Frame rate mode पुढे Variable दिसेल. फोन प्रत्येक फ्रेम सारख्या अंतरानं घेत नाही, तापला की आणखी गळतात. हँडब्रेक सॉफ्टवेअरमधून Constant Framerate, 23.976 करून काढ आणि नवी फाइल वापर. गळलेल्या फ्रेम मात्र परत येणार नाहीत, त्या जागी धक्का दिसेल.

बुलडी_बॉय
फोनचे शॉट पाठमोरेच वापर, नाहीतर तळ्यावरचे. ओठच नको.

धरमपेठचा_गायक
पाठमोरे घेतलेच नाहीत रे. हँडब्रेकला टाकलंय, १२ टक्के झालंय. तोवर कोणी सांगा, फोनचा रंग कॅमेऱ्याशी कसा जुळवू? फोनमध्ये मी केशरी दिसतोय.