मदत हवी आहे: स्पार्कच्या मुलाखतीतला स्क्यू आणि कॅशचा प्रश्न

मुलाखतीत असा प्रश्न आला: ऑर्डर्सच्या टेबलाला ग्राहकांचं टेबल `customer_id` वर लेफ्ट जॉइन करायचं आहे. दोन्ही मोठी, त्यामुळे ब्रॉडकास्ट शक्य नाही. शफलचे २०० पैकी १९९ टास्क झटपट संपतात, एक मात्र तासभर रेंगाळतो. स्पार्क यूआयमध्ये त्या एकाच टास्कचं शफल रीड बाकीच्यांच्या कितीतरी पट दिसतं. कारण उघड आहे: पाहुण्यांच्या ऑर्डर्समध्ये `customer_id` नल आहे आणि सगळे नल हॅश होऊन एकाच पार्टिशनमध्ये जातात. इनर जॉइन असता तर स्पार्कने ते आधीच गाळले असते.

मी सुचवलं की नलच्या ओळी आधी वेगळ्या काढाव्यात, उरलेल्यांचा जॉइन करावा आणि मग युनियन. नल कशाशीच जुळत नाही, मग त्याला शफलमधून फिरवायचंच कशाला? सॉल्टिंगपेक्षा मला हे सरळ वाटतं, कारण नेहमीच्या सॉल्टिंगमध्ये दुसरं टेबल जितके सॉल्ट तितक्या पट वाढवावं लागतं.

पुढचा प्रश्न असा की या निकालावर दोन वेगवेगळी अ‍ॅग्रिगेशन्स करायची आहेत, तर कॅश कुठे कराल? युनियनमुळे ऑर्डर्स दोनदा वाचल्या जातात, म्हणून ऑर्डर्सच कॅश कराव्यात असं एक मन म्हणतं. पण महागडा शफल जॉइनमध्ये आहे, त्यामुळे युनियननंतर कॅश केलं तर तो दुसऱ्यांदा टळेल.

तुम्ही यातलं काय निवडाल? मेमरी अपुरी असेल आणि बराचसा भाग डिस्कवर जाणार असेल, तर निकाल पार्केमध्ये लिहून ठेवणं जास्त बरं का?