छायाचित्रात मुलगी आहे, मग नाव का नाही?

मुलीचा बाबा
माझ्या मुलीच्या संघाने आंतरशालेय रिले जिंकली. शाळेच्या संकेतस्थळावर चौघींचे छायाचित्र आले आणि त्याखाली फक्त 'विजेता रिले संघ' एवढेच छापले. संमतीपत्रावर मी स्वतः सही केली होती. चार नावे लिहायला शाळेचे काय जात होते?

वर्गशिक्षिका
शाळेत संमतीपत्रांची नोंदवही अनेक वर्षे माझ्याकडे होती, म्हणून आपली तक्रार वाचून स्वस्थ बसवले नाही. चौघींपैकी तिघींच्या घरून छायाचित्र आणि नाव या दोन्हींना होकार आला आहे आणि चौथीच्या आईने छायाचित्राला होकार, नावाला नकार दिला आहे, असे धरून चाला. नकाराचे कारण संमतीपत्रात विचारत नाहीत आणि विचारूही नये. माझ्या पाहण्यात आलेली कारणे मात्र अशी आहेत: न्यायालयाने एका पालकाला मुलाला भेटण्यास मनाई केलेली असते, मूल दत्तक असते आणि जन्मदात्या घराला त्याचा पत्ता कळू द्यायचा नसतो, किंवा मारहाणीला कंटाळून आई मुलांना घेऊन दूर निघून आलेली असते. शोधणारा माणूस संगणकावर नाव टाकतो. नाव सापडले की त्याच पानावर शाळा कळते, गणवेश दिसतो आणि 'दर शनिवारी मैदानावर सराव' या ओळीतून वेळ आणि जागाही हाती लागते. नुसत्या चेहऱ्यावरून एवढे सहजी मिळत नाही.

आता तिघींची नावे लिहून चौथीची जागा मोकळी सोडली, तर पाहणारा प्रत्येक जण पहिल्यांदा चौथीबद्दलच विचारील. ज्या मुलीला झाकायचे, तिच्यावरच बोट ठेवल्यासारखे होईल. म्हणून नाव द्यायचे नाही तर कोणाच्याही छायाचित्राला द्यायचे नाही, हाच नियम सरसकट पाळावा लागतो.

मुलीचा बाबा
म्हणजे एका घराच्या अडचणीसाठी तीन घरांनी गप्प बसायचे. त्या आईबद्दल मला सहानुभूती आहे, पण माझी मुलगी वर्षभर पहाटे उठून धावली आहे. निदान पहिले नाव तरी छापता आले असते.

कायदेवेडा
वाद कशाला घालता? युरोपातल्या २०१८ पासून लागू झालेल्या विदा संरक्षण कायद्याने मुलांची नावे छापण्यावर बंदीच आहे आणि सगळीकडच्या शाळा आता तेच अनुसरतात.

नोंदवहीवाला
बंदी नाही, कायदेवेडा. तो कायदा म्हणतो की माहिती वापरायला वैध आधार हवा, आणि तो आधार संमतीचा असेल तर संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. अमेरिकेत तर १९७४ च्या शिक्षण नोंदींच्या कायद्यात उलटी चाल आहे. तिथे नाव, छायाचित्र आणि मिळालेली बक्षिसे ही शाळा 'निर्देशिका माहिती' म्हणून जाहीर करू शकते. त्यासाठी आधी पालकांना कळवावे लागते, आणि ज्यांनी मुदतीत नकार कळवला त्यांची माहिती वगळावी लागते. न बोलणे म्हणजे एकीकडे नकार, दुसरीकडे होकार. त्यामुळे आपल्या हातातल्या संमतीपत्रावर काय छापले आहे, हे पाहणेच महत्त्वाचे.

कायदेवेडा
बरे, बंदी नाही. पण बहुतेक शाळा नावे टाळतात, हे तरी खरे आहे ना?

छायाचित्रकार
शाळांचे कार्यक्रम टिपणे हा माझा व्यवसाय आहे आणि या चर्चेत खऱ्या दोषीबद्दल कोणी बोलतच नाही. शाळा मला यादी देते आणि मी ती पाळतो. ज्या मुलांना टिपायचे नाही त्यांना वेगळ्या रंगाचे टिकले लावायला एका शाळेने सांगितले, तेव्हा मी नकार दिला, कारण त्याने ती मुले सगळ्या सभागृहाला ओळखू आली असती. आता शिक्षिका माझ्या शेजारी उभ्या राहतात आणि खुणेने सांगतात. एवढे सगळे सांभाळायचे, आणि पहिल्या रांगेतले पालक मोबाईल उंच धरून चौघींना टिपतात, घरी पोचण्याआधी चारही नावांसकट समाजमाध्यमावर टाकतात!

मुलीचा बाबा
हा रोख माझ्यावर असेल तर सरळ सांगा. मी माझ्या मुलीचे छायाचित्र टाकले. त्यात आणखी तिघी होत्या, कारण ती एकटी धावली नव्हती.

छायाचित्रकार
रोख आपल्यावरच आहे असे समजा. त्या तिघींपैकी एकीच्या आईने नावाला नकार दिला असेल तर तो नकार आपण आपल्या घरी बसून रद्द केलात.

नोंदवहीवाला
आवाज थोडा खाली घ्या दोघेही. घरच्या संग्रहासाठी काढलेल्या छायाचित्रांना तो युरोपीय कायदा लागू होत नाही, आणि पालकाच्या खात्यावर शाळेचा अधिकार चालत नाही. शाळा एवढेच करू शकते की प्रवेशपत्रिकेवर अट छापावी, सुरुवातीला ती वाचून दाखवावी, आणि कार्यक्रमानंतर फक्त आपल्याच मुलाला टिपण्यासाठी मंचावर वेगळी वेळ द्यावी.

आजोबा
आमच्या नातीचे नाव बक्षिसांच्या यादीत चुकीचे छापले होते आणि दुरुस्ती शेवटपर्यंत झाली नाही. नावे द्यायचीच नाहीत हे मला कोणी सांगितले नव्हते.

वर्गशिक्षिका
आजोबा, आपला मुद्दा वेगळा असला तरी उपयोगी आहे. छायाचित्राशिवाय नावांची यादी छापता येते आणि नावांशिवाय छायाचित्र. ही दोन्ही एकाच पानावर आली की नियमाला अर्थ राहत नाही. नाव दुसऱ्या वाटेनेही शिरते. मुलगी हातात प्रमाणपत्र धरते आणि छायाचित्र मोठे केले की त्यावरचे नाव वाचता येते. छातीवर क्रमांक असतो आणि निकालपत्रकात त्या क्रमांकापुढे नाव असते. कधी छायाचित्राच्या फाईललाच मुलीचे नाव दिलेले असते आणि ते तसेच संकेतस्थळावर चढते. छापण्याआधी मी या तीन गोष्टी तपासत असे.

बाबा, पहिले नाव चालवणाऱ्या शाळा आहेत. पण ते दुर्मीळ असेल, तर शाळेच्या नावाशेजारी तेच पूर्ण नावाइतके पुरते.

आता आपल्या संमतीपत्राबद्दल. 'शाळेच्या कामासाठी छायाचित्रे वापरण्यास हरकत नाही' अशी एकच ओळ असेल, तर त्यात नावाला परवानगी कुठेच नाही. चांगल्या संमतीपत्रात आतला फलक, छापील अंक, संकेतस्थळ, समाजमाध्यम आणि वर्तमानपत्र यांचे रकाने वेगळे असतात, आणि प्रत्येकापुढे छायाचित्र आणि नाव असे दोन प्रश्न असतात. वर्तमानपत्राचा रकाना वेगळा लागतोच, कारण वार्ताहर नावे मागतात. कोरा रकाना म्हणजे नकार. संमती मागे घेतली की संकेतस्थळावरून छायाचित्र काढता येते, वाटून झालेला अंक परत घेता येत नाही, आणि हे वाक्य संमतीपत्रावरच छापलेले असले पाहिजे.

मुलीचा बाबा
आत्ताच काढून पाहिले. आमच्याकडे ती एकच ओळ आहे. म्हणजे शाळेने नाव छापले नाही ते बरोबर, एवढे मान्य करतो. पण असे संमतीपत्र देणाऱ्या शाळेला शहाणी म्हणणार नाही. प्रार्थनेच्या वेळी चौघींची नावे पुकारावीत, असे लिहून देणार आहे. त्यालाही कोणाची हरकत आहे का?

वर्गशिक्षिका
चित्रीकरण बंद असेल तर काहीच नाही.

नोंदवहीवाला
मला एक विचारायचे आहे. सही आपली, नकार त्या आईचा. चौघी मुली मोठ्या वर्गातल्या असतील, तर त्यांना कोणी विचारले का?

मुलीचा बाबा
माझ्या मुलीला नाव हवे आहे.

नोंदवहीवाला
आणि चौथीलाही हवे असेल, आणि आईने नाही म्हटले असेल, तर शाळेने कोणाचे ऐकायचे?

वर्गशिक्षिका
धोका कशाचा आहे हे कळेपर्यंत आईचे.

नोंदवहीवाला
पण कारण तर संमतीपत्रात विचारायचे नाही, असे आपणच वर लिहिले आहे.